टीसीएसचे मालक टाटा कुटुंब आहे का? नावामागची खरी मालकी कशी शोधायची?

"टीसीएस म्हणजे टाटांची कंपनी ना? मग तिचा नफा टाटा कुटुंबाला मिळतो का?" हा प्रश्न मला वाचकांकडून वरचेवर येतो. कधी तो शेअर घेऊ पाहणारा विचारतो, कधी नोकरीला लागलेला मुलगा, तर कधी कंपनीचं नाव बघून पैसे गुंतवायला निघालेले एखादे निवृत्त काका. टाटा हे आडनाव आपल्याकडे इतकं घट्ट रुजलंय, की त्या नावाच्या कंपनीचे कागद वाचावेत असं कुणाला वाटतच नाही.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नाही. टीसीएसचा जवळपास 72 टक्के हिस्सा टाटा सन्स या कंपनीकडे आहे. टाटा सन्सचा सुमारे 66 टक्के हिस्सा धर्मादाय ट्रस्टांकडे आहे. कुटुंबातल्या व्यक्तींच्या स्वतःच्या नावावर असलेला हिस्सा अगदी छोटा आहे. तरीही "कुटुंबाचा काही संबंधच नाही" असं म्हणणंही चूक ठरेल. या दोन वाक्यांच्या मध्ये नेमकं काय आहे ते एकेक प्रश्न घेऊन बघूया. नंतर हीच माहिती स्वतः तपासायची कशी, तेही सांगतो.

प्रश्न 1: "मालक" म्हणजे नक्की कोण?

आपण बोलताना तीन वेगवेगळ्या गोष्टींना "मालक" म्हणतो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे शेअर कुणाच्या नावावर आहेत. ही कायद्याच्या अर्थाने मालकी. दुसरी गोष्ट म्हणजे संचालक मंडळावर कुणाला बसवायचं आणि मोठ्या निर्णयांना हो म्हणायचं की नाही, हे कोण ठरवतं. याला नियंत्रण म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे रोजचा कारभार कोण बघतं. ते काम एमडी, सीईओ आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांचं.

किराणा दुकानात या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असतात. मोठ्या कंपनीत त्या तीन वेगळ्या ठिकाणी असू शकतात आणि टाटांच्या बाबतीत त्या खरोखरच तशा आहेत. म्हणून "टाटांची कंपनी" असं ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कोणत्या अर्थाने?

प्रश्न 2: टीसीएसच्या वर कोण आहे?

ही मालकी जिन्यासारखी आहे. एकेक पायरी वर चढत गेलं की चित्र स्पष्ट होतं.

सगळ्यात खालच्या पायरीवर टीसीएस. ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिचे सुमारे 28 टक्के शेअर लोकांकडे आहेत, म्हणजे एलआयसी, म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार आणि तुमच्या-माझ्यासारखे किरकोळ शेअरधारक. उरलेले जवळपास 72 टक्के टाटा सन्सकडे.

दुसऱ्या पायरीवर टाटा सन्स. ही समूहाची मुख्य कंपनी, मुंबईतल्या बॉम्बे हाऊसमधून चालणारी. ती स्वतः ना गाड्या बनवते ना सॉफ्टवेअर. तिचं मुख्य काम समूहातल्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवणं आणि "टाटा" हे नाव सांभाळणं. हे नाव वापरण्याबद्दल समूहातल्या कंपन्या तिला करारानुसार ठरावीक रक्कमही देतात. ती खासगी कंपनी आहे आणि शेअर बाजारात नाही, त्यामुळे तिचा शेअर आपल्याला डिमॅट खात्यातून विकत घेता येत नाही.

तिसऱ्या पायरीवर टाटा सन्सचे भागधारक. इथे चार गट दिसतात. टाटा ट्रस्ट या नावाने ओळखले जाणारे धर्मादाय ट्रस्ट मिळून सुमारे 66 टक्के. त्यातले दोन सर्वात मोठे, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि सर रतन टाटा ट्रस्ट. या दोघांचाच हिस्सा निम्म्याहून थोडा जास्त आहे. शापूरजी पालनजी समूहाच्या दोन गुंतवणूक कंपन्यांकडे मिळून सुमारे 18.4 टक्के. टाटा स्टील, टाटा पॉवर अशा समूहातल्याच काही कंपन्यांकडे मिळून साधारण 13 टक्के. आणि उरलेला दोन-तीन टक्क्यांचा तुकडा व्यक्तींकडे. कुटुंबातली माणसं याच तुकड्यात येतात.

म्हणजे टाटा सन्समध्ये ट्रस्टांनंतरचा सर्वात मोठा भागधारक गट टाटा आडनावाचा नाही.

प्रश्न 3: आकड्यांत सांगा, टीसीएसच्या 100 रुपयांतले कुटुंबाचे किती?

समजा टीसीएसने एकूण 100 रुपये लाभांश वाटला. (खरा आकडा हजारो कोटींचा असतो, पण हिशोब तोच.) त्यातले 28 रुपये थेट बाजारातल्या भागधारकांच्या बँक खात्यात जातात. 72 रुपये टाटा सन्सकडे जातात.

आता टाटा सन्सने हे 72 रुपये जसेच्या तसे पुढे वाटले असं धरूया. 66 टक्के म्हणजे साधारण 47 रुपये 50 पैसे ट्रस्टांना मिळतील. शापूरजी पालनजी समूहाला 13 रुपयांच्या थोडे वर. समूहातल्या कंपन्यांना साधारण 9 रुपये. आणि सगळ्या व्यक्तींना मिळून दीड-दोन रुपये. रतन टाटा यांच्या स्वतःच्या नावावर टाटा सन्सचे सुमारे 0.83 टक्के शेअर होते. त्या हिशोबाने 100 रुपयांतले त्यांच्या वाट्याला 60 पैसे येतात.

इथे एक अट लक्षात ठेवा. टाटा सन्स आलेले पैसे जसेच्या तसे पुढे पाठवत नाही. त्यातून ती नव्या कंपन्यांत पैसे घालते, कर्ज फेडते, एअर इंडियासारख्या मोठ्या खरेदीला बळ देते आणि उरलेल्यातला काही भाग लाभांश म्हणून वाटते. म्हणजे 47 रुपये 50 पैसे ही ट्रस्टांच्या वाट्याची वरची मर्यादा झाली. दरवर्षी हातात पडणारी रक्कम यापेक्षा बरीच कमी असते.

प्रश्न 4: एवढे शेअर ट्रस्टांकडे गेले कसे?

याचं उत्तर कुटुंबाच्या वंशावळीत आहे. जमशेटजी टाटांना (1839 ते 1904) दोन मुलगे होते, दोराबजी आणि रतन. दोघांनाही मूल झालं नाही. धाकटे सर रतन 1918 मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रातल्या इच्छेनुसार 1919 मध्ये सर रतन टाटा ट्रस्ट उभा राहिला. सर दोराबजींच्या पत्नी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी, 1932 मध्ये, तेही गेले.

त्या संपत्तीत टाटा सन्सचे शेअर होते. टाटा सन्स कंपनी म्हणून 1917 मध्येच नोंदली गेली होती, त्यामुळे दोघा भावांचा मालकी हक्क शेअरच्या रूपात होता आणि तो ट्रस्टला देता आला. नंतर कुटुंबातल्या इतरांच्या नावाने आणखी छोटे ट्रस्ट झाले आणि सगळे मिळून 66 टक्क्यांपर्यंत पोचले.

आज आपण ज्यांना "टाटा कुटुंब" म्हणून ओळखतो, ते जमशेटजींच्या सरळ रक्ताच्या वंशातून आलेलं नाही. जेआरडी हे जमशेटजींचे नातेवाईक आणि भागीदार आर. डी. टाटा यांचे चिरंजीव. सर रतन यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतलं. त्याच नवल टाटांचे मुलगे रतन टाटा आणि त्यांचे सावत्र भाऊ नोएल टाटा. हे लोक समूहाच्या खुर्चीवर बसले, पण दोन्ही भावांचे शेअर त्याआधीच ट्रस्टांकडे गेले होते. खुर्ची वारशाने येऊ शकते. ट्रस्टला दिलेले शेअर परत घरात येत नाहीत.

प्रश्न 5: ट्रस्ट तर कुटुंबाचाच आहे ना? मग फरक काय पडला?

ही शंका सर्वात जास्त लोकांना येते आणि ती रास्त आहे. "पैसे या खिशातून त्या खिशात" असं वाटणं साहजिक आहे.

फरक असा, की ट्रस्ट दोन प्रकारचे असतात. खासगी ट्रस्टमध्ये लाभार्थी कुटुंबातली माणसं असू शकतात. तिथे "हा खिसा की तो खिसा" हे म्हणणं खरं ठरू शकतं. टाटांचे हे ट्रस्ट मात्र सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट आहेत. इथे शेअर विश्वस्तांच्या ताब्यात असतात, पण ते विश्वस्तांचे नसतात. त्यावरचं उत्पन्न ट्रस्टच्या उद्देशांवरच खर्च करावं लागतं: आरोग्य, शिक्षण, पाणी, संशोधन वगैरे. विश्वस्ताला ते शेअर विकून पैसे घरी नेता येत नाहीत, मुलांच्या नावावर करता येत नाहीत आणि मृत्युपत्रात लिहिताही येत नाहीत. महाराष्ट्रात अशा ट्रस्टांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते.

पण विश्वस्ताकडे एक गोष्ट असते, ती म्हणजे मत. भागधारकांच्या सभेत 66 टक्क्यांचं मत कसं पडायचं, हे विश्वस्त ठरवतात. कुटुंबाचा आजचा प्रभाव इथून येतो. 9 ऑक्टोबर 2024 रोजी रतन टाटा गेले आणि दोनच दिवसांनी नोएल टाटा टाटा ट्रस्टचे अध्यक्ष झाले. ही निवड विश्वस्तांनी केली. म्हणजे कुटुंबाचा हात सुकाणूवर आहे, पण जहाज त्यांच्या मालकीचं नाही.

आज एखाद्या उद्योगपतीला अशीच रचना नव्याने करायची म्हटली तर ती सहज जमणार नाही. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय ट्रस्टने कंपन्यांचे शेअर धरण्यावर आयकर कायद्याने बंधन घातलं आणि 1 जून 1973 रोजी ट्रस्टच्या मूळ निधीत असलेल्या मालमत्तेला त्यातून सूट दिली. टाटांचे मोठे ट्रस्ट त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून "बाकीचे उद्योगपती असं का करत नाहीत" याच्या उत्तरात दानतीबरोबर तारखेलाही जागा आहे.

प्रश्न 6: 66 टक्के असले म्हणजे ट्रस्ट हवं ते करू शकतात का?

बरंच काही, पण सगळं नाही. कंपनी कायद्यात दोन प्रकारचे ठराव असतात. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी 75 टक्के लागतात. कंपनीची नियमावली बदलायची असेल तर विशेष ठराव हवा.

आता आकडे लावून बघा. ट्रस्टांचे 66 टक्के साध्या ठरावाला पुरेसे आहेत. विशेष ठरावाला ते एकटे कमी पडू शकतात, पण समूहातल्या कंपन्यांचे 13 टक्के सोबत आले की आकडा 79 होतो. उलट बाजूने, विशेष ठराव अडवायला 25 टक्क्यांहून जास्त विरोधी मतं लागतात. शापूरजी पालनजी समूहाकडे 18.4 टक्के आहेत. म्हणजे सगळ्यांनी मतदान केलं, तर दुसऱ्या क्रमांकाचा एवढा मोठा भागधारक असूनही तो एकट्याच्या बळावर ठराव अडवू शकत नाही.

याखेरीज टाटा सन्सच्या नियमावलीत ट्रस्टांना खास अधिकार दिलेले आहेत. त्यांचा एकत्रित हिस्सा किमान 40 टक्के असेपर्यंत ते संचालक मंडळावर एक तृतीयांश संचालक नेमू शकतात. काही महत्त्वाच्या निर्णयांना या नेमलेल्या संचालकांपैकी बहुसंख्यांचा होकार लागतोच. तो नसेल तर बाकीचं मंडळ एका बाजूला असूनही निर्णय होत नाही.

हे सगळं कागदावरचं वाटतं, पण 24 ऑक्टोबर 2016 रोजी देशाने ते प्रत्यक्ष पाहिलं. त्या दिवशी टाटा सन्सच्या मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. मिस्त्री हे शापूरजी पालनजी घराण्यातले, म्हणजे 18 टक्क्यांच्या बाजूचे. प्रकरण कंपनी न्यायाधिकरण, अपील न्यायाधिकरण असं फिरत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 26 मार्च 2021 रोजी निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. मधल्या काळात, 2017 मध्ये, अध्यक्षपदी आले ते एन. चंद्रशेखरन. ते टीसीएसमध्येच वाढलेले व्यावसायिक व्यवस्थापक, आडनावाने टाटा नाहीत.

प्रश्न 1 मधले तीन अर्थ इथे वेगवेगळ्या लोकांकडे दिसतात: मालकी मुख्यतः ट्रस्टांची, नियंत्रण विश्वस्तांच्या मतांतून आणि कारभार व्यावसायिकांकडे.

प्रश्न 7: हे मी स्वतः कसं तपासू?

फोन आणि पंधरा मिनिटं पुरेत. टीसीएसचंच उदाहरण घेऊ.

पहिलं काम, शेअर बाजाराची वेबसाइट. `bseindia.com` उघडा आणि शोधाच्या चौकटीत टीसीएसचा कोड `532540` टाका. कंपनीचं पान उघडलं की `Shareholding Pattern` हा भाग शोधा आणि सर्वात ताजी तिमाही निवडा. प्रत्येक नोंदलेल्या कंपनीला तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत हा तक्ता द्यावाच लागतो, त्यामुळे माहिती फार जुनी नसते. त्यात `Promoter & Promoter Group` या ओळीवर जा. तिथे टाटा सन्सचं नाव आणि 72 च्या जवळचा आकडा दिसेल. खालच्या तक्त्यात 1 टक्क्याहून जास्त शेअर असलेल्या बाहेरच्या भागधारकांची नावंही दिसतात.

इथे बरेच लोक थांबतात. "प्रवर्तक टाटा सन्स, म्हणजे टाटा कुटुंब" असं म्हणून मोकळे होतात. लक्षात ठेवा, तक्त्यात माणसाऐवजी कंपनीचं नाव आलं, तर जिना अजून संपलेला नाही. तीच कंपनी घेऊन पुढची पायरी चढायची.

दुसरं काम, कंपनीचा ओळख क्रमांक वाचणं. प्रत्येक कंपनीला 21 अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. या दोन कंपन्यांचे क्रमांक असे:

```
TCS        L22210MH1995PLC084781
Tata Sons  U99999MH1917PTC000478
```

पहिलं अक्षर `L` असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, `U` असेल तर नाही. पुढचे पाच अंक व्यवसायाचा कोड. मग राज्य, `MH` म्हणजे महाराष्ट्र. त्यानंतर नोंदणीचं वर्ष. `PLC` म्हणजे पब्लिक लिमिटेड, `PTC` म्हणजे प्रायव्हेट. शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांक.

या क्रमांकातून खूप कळतं, पण सगळं नाही. टीसीएसचं काम 1968 मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून सुरू झालं, तरी क्रमांकात 1995 दिसतं. कारण 1995 मध्ये नोंदलेल्या एका वेगळ्या कंपनीला पुढे टीसीएस हे नाव मिळालं आणि 2004 मध्ये शेअर विक्रीच्या वेळी टाटा सन्सचा तो विभाग तिच्यात आणला गेला. ती मूळ कंपनी छपाईच्या व्यवसायासाठी नोंदलेली होती. म्हणून देशातल्या सर्वात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या क्रमांकात आजही छपाईचा कोड दिसतो! टाटा सन्सकडे 72 टक्के का आहेत, तेही यातूनच कळतं. तो त्यांचाच विभाग होता.

तिसरं काम, कंपनी व्यवहार मंत्रालयाची वेबसाइट `mca.gov.in`. तिथे `Master Data` मध्ये सीआयएन टाकला की कंपनी चालू आहे की बंद, पत्ता काय, अशी माहिती मिळते. नोंदणी नसलेल्या म्हणजे `U` कंपनीचे भागधारक बघायचे असतील तर `View Public Documents` मध्ये 100 रुपये भरून तिचं वार्षिक विवरणपत्र बघता येतं. त्या फॉर्मचं नाव `MGT-7`. टाटा सन्सची तिसरी पायरी अशा कागदांतूनच दिसते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाला मोठ्या घराण्याचं आडनाव असलेल्या एका कंपनीचं नेमणूक पत्र ईमेलने आलं होतं आणि "सुरक्षा ठेव" म्हणून काही हजार रुपये मागितले होते. पत्रावर लोगो झकास होता, पण सीआयएन नव्हता. कंपनीच्या पत्रावर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही मंत्रालयाच्या साइटवर ते नाव शोधलं, तर तशी कंपनीच सापडली नाही. पैसे वाचले. अर्थात, खऱ्या कंपनीचा सीआयएन चोरून पत्रावर छापणारेही असतात. म्हणून क्रमांक खरा निघाला तरी ईमेलचा पत्ता कंपनीच्या अधिकृत डोमेनचा आहे का, हे बघायचंच.

प्रश्न 8: नावात "टाटा" असलं म्हणजे कंपनी टाटा समूहाची, असं तरी धरता येईल का?

तेही दोन्ही बाजूंनी फसतं. टायटन, व्होल्टास, ट्रेंट यांच्या नावात टाटा नाही, पण त्या समूहातल्या कंपन्या आहेत. त्यातही टायटनचा तक्ता उघडून बघा. सर्वात मोठा एकटा भागधारक टाटा सन्स नसून तामिळनाडू सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ आहे, जवळपास 28 टक्के हिस्सा घेऊन. टाटा समूहाचा हिस्सा सुमारे 25 टक्के.

उलट उदाहरण परळचं. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशातून उभं राहिलं. पण 1962 पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. नाव टाटांचं, कारभार सरकारचा. तिथल्या सोयींबद्दल तक्रार करायची असेल तर बॉम्बे हाऊसला पत्र लिहून उपयोग नाही.

समूहातल्या सगळ्या कंपन्यांत सारखाच हिस्सा असतो, हाही गैरसमज. टीसीएसमध्ये प्रवर्तकांकडे 72 टक्के, तर टाटा स्टीलमध्ये सुमारे 33 टक्केच. म्हणजे टाटा स्टीलचे दोन तृतीयांश शेअर बाहेरच्या लोकांकडे आहेत, तरी कंपनी "टाटांची" म्हणूनच ओळखली जाते. कारण उरलेले शेअर लाखो लोकांत विखुरलेले असले, की एकगठ्ठा 33 टक्के संचालक मंडळ हातात ठेवायला सहसा पुरतात.

प्रश्न 9: हाच नियम दुसऱ्या आडनावांना लावता येईल का?

पद्धत लावता येते, उत्तर मात्र प्रत्येक वेळी वेगळं येतं. गोदरेजचं बघा. 30 एप्रिल 2024 रोजी या कुटुंबाने वाटणी जाहीर केली. गोदरेज इंडस्ट्रीज समूह आदी आणि नादिर गोदरेज यांच्याकडे राहिला, तर कपाटं-कुलुपांची जुनी गोदरेज अँड बॉइस जमशेद गोदरेज यांच्या बाजूला गेली. दोन्हीकडे आडनाव तेच, दोन्हीकडे कुटुंबच, पण मालक वेगळे. म्हणजे टाटांच्या बाबतीत "कुटुंब की ट्रस्ट" असं विचारावं लागतं, गोदरेजच्या बाबतीत "कुटुंबातलं कोण".

म्हणून कुठल्याही आडनावासाठी क्रम एकच ठेवा. आधी तक्त्यात प्रवर्तक कोण ते बघा. तिथे कंपनी दिसली तर तिच्या भागधारकांकडे जा. शेवटी ट्रस्ट दिसला तर तो खासगी आहे की सार्वजनिक धर्मादाय, हे तपासा. खासगी असेल तर मालकी घरातच फिरते आहे. धर्मादाय असेल तर शेअर घराबाहेर गेलेले आहेत आणि विचारायचा प्रश्न एकच उरतो: विश्वस्त म्हणून मत कोण देतं?